पदर खोचून, बाही कोपरापर्यंत

रुग्णालयातल्या खाटेभोवती किती गोष्टी लोंबत असतात ते भेटायला आलेल्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. सलाईनची नळी वरून उतरते. लघवीची पिशवी खाटेच्या कडेला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर अडकवलेली असते. ऑपरेशनच्या जागेतून काढलेली निचऱ्याची नळी चादरीखालून बाहेर आलेली असते. शिवाय प्राणवायूची नळी, छातीच्या तारा, बोटाला लावलेला चिमटा. या सगळ्याच्या मध्ये जाऊन आपण स्टुलावर बसतो आणि आजारी माणसाचा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून पुढे वाकतो. त्या वेळी आपल्या अंगावरचं जे जे सुटं आहे ते खाटेवर जातं. पदर, ओढणी, शर्टाची लांब बाही, उपरणं, गळ्यातलं लांब मंगळसूत्र, सगळंच.

म्हणून दवाखान्यात जाताना काय घालावं याचा विचार मी कपड्याच्या सुट्या टोकांपासून सुरू करते. कापड सुती असावं, रंग भडक नसावा, अंग झाकलेलं असावं हे सगळं खरंच आहे आणि त्याकडे मी येणार आहे. पण साधी, फिकी, स्वच्छ सुती साडी नेसून गेलेल्या बाईचा पदर जर सलाईनच्या नळीत अडकला, तर बाकीचं सगळं नीट असूनही भेट बिघडते. वॉर्डातल्या सिस्टर भेटीच्या वेळी सारख्या ज्या हाका मारतात त्यांतल्या निम्म्या याच असतात: ‘ताई, पदर सांभाळा’, ‘काका, खाटेवर बसू नका’.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ या. पुण्यात राहणाऱ्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. धाकटी सून सोलापूरहून त्यांना भेटायला निघाली आहे. संध्याकाळी भेटीच्या वेळेत ती पोचेल, आणि थोरल्या जाऊबाई दोन रात्री जागल्या आहेत म्हणून आजची रात्र दवाखान्यात तीच राहील. घरातल्या बहुतेकींनी हा प्रवास कधी ना कधी केलेला आहे. तिने पिशवीत काय भरावं?

पहिली गोष्ट, प्रवासातले कपडे आणि वॉर्डातले कपडे वेगळे. सोलापूर ते पुणे हा चार-पाच तासांचा रस्ता. एसटीची नाहीतर रेल्वेची बाकं, धूळ, घाम. थेट स्टेशनवरून वॉर्डात जाण्यापेक्षा आधी घरी जाऊन, हातपाय-तोंड धुऊन, धुतलेला जोड घालून जावं. घर लांब असेल तर निदान वरचा कपडा तरी बदलावा. ऑपरेशनची जखम ताजी असलेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जायचं आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

आता साडी की सलवार-कमीज? बहुतेक लोक सोयीच्या दृष्टीने सलवार-कमीज सांगतील आणि रात्र काढायची असेल तर मीही तेच सांगेन. पण या उदाहरणात एक अडचण आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या वृद्ध माणसांमध्ये पहिल्या काही दिवसांत भ्रम होण्याचं प्रमाण बरंच असतं. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. माणूस दुपारी नीट बोलतं आणि संध्याकाळ झाली की गोंधळायला लागतं. आपण कुठे आहोत ते कळत नाही, चादर चिमटत राहतं, भिंतीवर किडे चालताहेत म्हणून घाबरतं, घरच्याच माणसाला ‘तू कोण?’ विचारतं. हे वेड नव्हे आणि बहुतेक वेळा ते ओसरतं. त्याला मदत होते ती ओळखीच्या गोष्टींची: डोळ्यांवर स्वतःचा चष्मा, कानात स्वतःचं यंत्र, समोर घड्याळ आणि जवळ ओळखीचा चेहरा.

इथे कपड्याचा थेट संबंध येतो. ज्या सासूबाईंनी या सुनेला वीस वर्षं साडीतच पाहिलं आहे, त्यांच्यासमोर संध्याकाळच्या धूसर दिव्यात तोंडाला मास्क लावलेली, कुडता आणि पँट घातलेली बाई उभी राहिली, तर त्यांना ती नर्स वाटेल, शेजारच्या खाटेवरची कुणी वाटेल, सून वाटणार नाही. म्हणून अशा भेटीला मी नव्या कपड्यापेक्षा जुना, त्यांच्या नजरेतला कपडा निवडेन. घरी नेहमी नेसते ती सुती साडी. सून जर घरी पंजाबी ड्रेसच घालत असेल तर तोच, नेहमीचाच. ओळख पटायला चेहऱ्याइतकीच आकृती आणि रंग उपयोगी पडतात, विशेषतः चष्मा काढून ठेवलेला असेल तेव्हा.

नक्षीचंही याच कारणाने पाहावं. भ्रमात असलेल्या माणसाला नसलेलं दिसतंच, पण असलेलं चुकीचंही दिसतं. बारीक काळ्या ठिपक्यांची साडी असेल तर ठिपके हलताना दिसतात, वेलबुट्टीतल्या वेलींचे साप होतात, चौकड्यांवर काहीतरी रेंगाळतंय असं वाटतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणारे लोक पडदे आणि चादरी साध्या, एकरंगी ठेवायला सांगतात ते यासाठीच. भेटायला आलेल्या माणसाचं अंग तर पडद्यापेक्षा जवळ असतं आणि हलत असतं. तेव्हा कापड एकरंगी, काठ असलाच तर साधा.

साडी नेसायची तर कशी नेसायची, हे महत्त्वाचं. नेहमीपेक्षा दोन-तीन बोटं वर, घोटे दिसतील इतकी. वॉर्डातली फरशी दिवसातून अनेकदा पुसली जाते, ओली असते, आणि तिच्यावर काय सांडलं होतं ते आपल्याला माहीत नसतं. साडीचा फॉल किंवा पलाझोची रुंद मोहरी त्यावरून फिरली की ते सगळं आपल्याबरोबर घरी येतं. स्वच्छतागृहात तर हमखास. पदराच्या निऱ्या घालून तो पाठीवरून कमरेभोवती घ्यावा आणि पुढे घट्ट खोचावा. शेतात किंवा ओट्याशी काम करताना बायका खोचतात तसाच. खांद्यावर सोडलेला पदर वाकल्यावर घसरतो. तो सावरायला हात जातो, आणि तोच हात पुन्हा रुग्णाकडे जातो. पदर खोचला की हे चक्र थांबतं. पिन लावायची तर एकच, आणि ती आतल्या बाजूने. उघडलेली पिन गादीवर पडली तर रुग्णाच्या अंगाखाली जाऊ शकते.

सलवार-कमीज घालणाऱ्यांनी एक गोष्ट शिवतानाच पाहावी: कमीज असं असावं की ओढणीशिवाय वावरताना संकोच वाटू नये. अस्तर लावलेलं, गळा वर घेतलेला, अंगाला थोडं सैल. अतिदक्षता विभागाच्या दारात ओढणी बाहेर ठेवायला सांगतात. मग पातळ कमीज आणि खोल गळा असलेली मुलगी आत जाताना अवघडते, आत पाच मिनिटं तिचं अर्धं लक्ष गळ्याकडे असतं, आणि ज्यांच्यासाठी आली त्यांच्याकडे ती नीट वाकूनही बघू शकत नाही. शालीन कपडा म्हणजे काय, यावर घराघरात वेगवेगळी मतं असतील. दवाखान्यापुरतं उत्तर घरच्या आरशासमोरच मिळतं: पुढे पूर्ण वाकून पाहा, उकिडवं बसून पाहा, दोन्ही हात वर करून पाहा. तिन्ही वेळा काही ओढावं-सावरावं लागलं नाही तर कपडा योग्य आहे. कारण तिथे हे तिन्ही करावं लागतं. रुग्णाला उशीवर वर सरकवायला मामांना हात द्यावा लागतो, खाटेखालचं भांडं काढावं लागतं, सलाईन संपत आलं का ते मान वर करून बघावं लागतं. आणि शेजारच्या पाच-सहा खाटांवर अनोळखी माणसं झोपलेली असतात, त्यांच्याबरोबरचे पुरुष उभे असतात.

पुरुषांचं काम सोपं: धुतलेला अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट आणि साधी पँट. गावाकडून येणाऱ्या वडीलधाऱ्यांचं धोतर-सदरा किंवा लेंगा-सदरा उत्तमच, फक्त खांद्यावरचं उपरणं किंवा टॉवेल वॉर्डात शिरण्याआधी काढून पिशवीत ठेवावा. बहुतेक वेळा याच उपरण्याने घाम पुसलेला असतो, बस-स्टँडवरचं बाक झटकलेलं असतं, आणि मायेने तेच रुग्णाच्या कपाळावरून फिरवलं जातं.

बाहीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यामागे विचार झालेला आहे. इंग्लंडच्या आरोग्य विभागाने २००७ साली तिथल्या सरकारी रुग्णालयांसाठी नियम केला की रुग्णाला हात लावणाऱ्या डॉक्टर-नर्सचे हात कोपराखाली उघडे असावेत. लांब बाही नको, मनगटी घड्याळ नको, अंगठ्या नकोत, नेकटायही नको. त्याचं मुख्य कारण हात धुण्याशी संबंधित होतं. मनगटावर बाही आली किंवा घड्याळ असलं की माणूस हात बोटांपुरते धुतो. मनगट तसंच राहतं. आणि बाहीचं टोक प्रत्येक खाटेला लागत पुढे जातं. नियम कर्मचाऱ्यांसाठी होता, पण भेटायला येणाऱ्यालाही तो जसाच्या तसा लागू पडतो. ब्लाउजची किंवा कमीजची बाही कोपरापर्यंत, थंडीत पूर्ण बाहीचा स्वेटर घातला असेल तर आत शिरताना कोपराच्या वर सरकवलेला. काचेच्या बांगड्या कमी करता आल्या तर कराव्यात. सवाष्ण बाईला हात मोकळे ठेवायचे नसतात हे मला समजतं. एक-एक धातूची घट्ट बांगडी ठेवली तरी चालते. डझनभर काचेच्या बांगड्या नळीत अडकतात, फुटतात, आणि रात्री झोपलेल्या वॉर्डात किणकिणतात. मंगळसूत्र लांब असेल तर ब्लाउजच्या आत.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेण्यात हातांचा वाटा कपड्यांपेक्षा खूप मोठा आहे. कपडे कितीही स्वच्छ असले आणि हात धुतले नाहीत तर उपयोग नाही. पण कपड्यांवर जंतू टिकतात हेही तितकंच खरं. अमेरिकेत सिनसिनाटी इथल्या एका रुग्णालयातल्या संशोधकांनी २००० साली सुती, पॉलिएस्टर, मिश्र कापड आणि प्लास्टिक यांवर जखमा चिघळवणारे नेहमीचे जंतू टाकून ते किती काळ जिवंत राहतात ते पाहिलं. सगळेच निदान एक दिवस टिकले. काही कापडांवर काही जंतू तीन महिन्यांहून अधिक काळ. म्हणजे आज वॉर्डात घातलेला कपडा घडी घालून कपाटात ठेवला आणि आठ दिवसांनी पुन्हा घातला तर तो ‘एकदाच घातलेला’ म्हणून स्वच्छ ठरत नाही. दवाखान्यात गेलेला कपडा त्याच दिवशी धुवायचा, आणि जो त्याच दिवशी धुता येणार नाही तो दवाखान्यात घालायचाच नाही. रेशमी साडी, जरीचा ब्लाउज, लोकरीची शाल, ड्राय क्लीनिंगला द्यावा लागणारा कोट या एका अटीवरच बाद होतात.

लग्नाहून परस्पर दवाखान्यात डोकावून जाणारे लोक असतात. भेटावंसं वाटतं हे चांगलंच, पण ती पैठणी पुढचे कितीतरी महिने धुतली जाणार नाही. जरीच्या काठाची, टिकल्यांची टोकं म्हाताऱ्या माणसाच्या हाताच्या त्वचेला सहज खरवडतात, हेही आहेच. उतारवयात आणि अनेक औषधांमुळे ही त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते.

धातूच्या बाबतीत एक अपवादात्मक पण गंभीर प्रसंग सांगून ठेवते. रुग्ण घाबरलेला किंवा लहान मूल असेल तर एमआरआयच्या खोलीत घरच्या एका माणसाला सोबत जाऊ देतात. त्या यंत्राचं चुंबक कायम चालू असतं, तपासणी सुरू नसतानाही. केसातला आकडा, साडीची पिन, पट्ट्याचं बक्कल, खिशातली किल्ली ते ओढून घेऊ शकतं. तपासणी ठरलेली असेल त्या दिवशी सोबत जाणाऱ्याने बटणांऐवजी नाडीचे, पिनांशिवाय राहणारे कपडे घालावेत आणि जर टाळावीच, कारण तिच्यात धातूची तार असते. दारातला कर्मचारी विचारतो त्या प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर द्यावं.

आता रंग. आपल्याकडे हा केवळ डोळ्यांचा प्रश्न नाही. पूर्ण पांढरी साडी नेसून आलेली बाई जुन्या पिढीच्या रुग्णाला खटकते. वैधव्याशी आणि अंत्यविधीशी तो रंग मनात जोडलेला आहे, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणाच्याही मनात ते येऊ नये. पुरुषाच्या पांढऱ्या सदऱ्याला मात्र असा अर्थ चिकटलेला नाही. तो रोजचाच वेश. काळा रंग संक्रांतीला आवडीने नेसतात, दवाखान्यात तो अनेकांना नकोसा वाटतो. हे मानणारा मी नसेन किंवा असेन, खाटेवर पडलेल्या माणसाने ते मानलं तर त्याला मान द्यावा, कारण भेट त्याच्यासाठी आहे. लालभडक, पोपटी, गुलाबी-राणी असे रंग दुसऱ्या कारणाने नकोत. डोकेदुखी, मेंदूची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया, मेंदूच्या आवरणाचा दाह अशा आजारांत उजेडच सहन होत नाही. ट्यूबलाइटखाली जवळ आलेला भडक रंग डोळ्यांना टोचतो.

उरतात ते मधले रंग: आकाशी, बदामी, फिका पिस्ता, राखाडीकडे झुकणारा निळा, कैरीच्या आतल्या गरासारखा पिवळट. त्यांचा आणखी एक व्यावहारिक फायदा आहे. डाग त्यांवर दिसतात. गडद निळ्या किंवा चॉकलेटी कपड्यावर रक्ताचा थेंब, बिटाडिनचा शिंतोडा, लघवीच्या पिशवीतून सांडलेले दोन थेंब कळतच नाहीत, आणि आपण तो कपडा घालून घरी येऊन पोराला मांडीवर घेतो. फिक्या रंगावर दिसलं की लगेच बदलता येतं. गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुतल्यावर फिके रंग फारसे उतरल्यासारखेही वाटत नाहीत. नवा कपडा असेल तर रंग जातो का ते आधी पाहावं: कपड्याचा आतला कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून धरावा. रुमाल रंगला तर तो कपडा अजून दवाखान्याच्या कामाचा नाही, कारण तो बाकीच्यांपासून वेगळा आणि गार पाण्यातच धुवावा लागेल.

वास हाही अंगावर घातलेला भागच समजावा. केमोथेरपी सुरू असलेल्या माणसाला अत्तर, बॉडी स्प्रे, अगदी मोगऱ्याचा गजराही मळमळायला लावतो. दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढू शकतो. गजरा तर घरीच ठेवावा. अतिदक्षता आणि कर्करोगाच्या अनेक विभागांत फुलं आत नेऊच देत नाहीत. पण ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही तो वास म्हणजे डांबरगोळ्यांचा. दवाखान्यात जायचं म्हणून ट्रंकेतली जुनी सुती साडी काढली तर तिला तो वास पक्का लागलेला असतो. आदल्या दिवशी ती धुऊन उन्हात, वाऱ्यावर टाकावी. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला भेटायला जाणार असाल तर डांबरगोळ्यांत ठेवलेला कपडा न धुता घालूच नये, आणि बाळाला तशा दुपट्यात गुंडाळूही नये. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विशिष्ट घटकाची उणीव असते. त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या रसायनाने फुटतात आणि बाळाला जोराची कावीळ होऊ शकते. उणीव आहे की नाही हे भेटायला येणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो.

आपल्या उदाहरणातल्या सुनेकडे परत येऊ. ती संध्याकाळी पाच वाजता फिकट निळ्या सुती साडीत, पदर खोचून, रबरी तळाच्या साध्या चपला घालून पोचली. टाचांचे बूट आवाज करतात, आणि गुळगुळीत तळाची चप्पल ओल्या फरशीवर घसरते. एक खुबा मोडला आहे तेवढा पुरे. सासूबाईंना त्या दिवशी श्वास लागला म्हणून अतिदक्षता विभागात हलवलं होतं. दारात चपला काढल्या, हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, गाऊन दिला गेला. हा गाऊन पुढून घालतात आणि मागे मानेला व कमरेला बांधतात. साडीवर तो नीट बसायला पदर आधीच कमरेभोवती घट्ट असावा लागतो; नाहीतर तो गाऊनच्या मागच्या फटीतून बाहेर येतो आणि गाऊनचा हेतूच संपतो. बाहेर येताना गाऊनची बाहेरची बाजू आत येईल असा उलटा काढून ठेवलेल्या डब्यात टाकायचा, घडी घालून काखेत धरायचा नाही, आणि पुन्हा हात धुवायचे.

रात्री वॉर्डबाहेरच्या बाकावर किंवा खाटेशेजारी चटईवर झोपायचं होतं. त्यासाठी तिने सलवार-कमीजचा दुसरा जोड आणला होता आणि पांघरायला घरची सोलापुरी चादर. वातानुकूलित विभागाबाहेर रात्री थंडी वाजतेच. लोकरीची शाल आणण्यापेक्षा सुती चादर बरी, ती बादलीत धुता येते. चादर रुग्णाच्या खाटेवर ठेवायची नाही, आणि दिवसा तिची गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत.

सकाळी जाऊबाई आल्या आणि ती घरी गेली. घरी गेल्यावर चहाआधी कपडे. न झटकता काढावेत, सोफ्यावर-पलंगावर टाकू नयेत, थेट वेगळ्या बादलीत. डाग असेल तर आधी तेवढाच भाग गार पाण्याखाली चोळावा. रक्ताच्या डागावर पहिल्यांदाच गरम पाणी पडलं तर तो कापडात बसतो आणि मग कशानेही जात नाही. त्यानंतर गरम पाणी आणि डिटर्जंट. यंत्रात ६० अंशांचं चक्र असेल तर सुती कपड्यांसाठी तेच निवडावं. त्या तापमानाला दहा मिनिटांत बहुतेक जंतू जातात, असं वर सांगितलेल्या इंग्लंडच्या सूचनांतही म्हटलं आहे. हाताने धुणाऱ्यांनी ६० अंशांच्या नादी लागू नये, हात भाजतील. बादलीत कडकडीत पाणी घेऊन त्यात डिटर्जंट आणि कपडे टाकावेत, काठीने दाबून अर्धा तास ठेवावं, कोमट झाल्यावर चोळावं, दोनदा खळबळून काढावं. गादीखालची पांढरी सुती चादर किंवा पंचा विष्ठेने, रक्ताने भरला असेल तरच ब्लीचचा विचार करावा: चार टक्क्यांचं घरगुती ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात साधारण बारा मिलिलिटर, म्हणजे अडीच छोटे चमचे, आणि त्यात अर्धा तास. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. रंगीत कपड्याचा रंग त्याने उडतो, रेशीम आणि लोकर तर विरघळतेच. आणि ते शौचालय साफ करायच्या आम्लाबरोबर कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

मग दोरीवर, थेट उन्हात, दोन्ही बाजूंनी. पावसाळ्यात ऊन मिळत नाही तेव्हा दमट कपडे घडी करून ठेवू नयेत. पंख्याखाली पूर्ण वाळवून नंतर दोन्ही बाजूंनी सुती कापडाची कडक इस्त्री फिरवावी, शिवणींवर आणि बाहीच्या घडीवर जरा जास्त वेळ. खळ घालू नये. खळीच्या कपड्याचा करकर आवाज वॉर्डात ऐकू येतो आणि रुग्णाला धरून उठवताना तो अंगाला टोचतो.

दोन जोड केले की पुरतं: एक अंगावर, एक दोरीवर. सासूबाई दहा-बारा दिवस तिथे राहणार असतील तर घरातल्या सगळ्यांनी मिळून तीन-चार कपडे दवाखान्यापुरते वेगळे काढून ठेवावेत, त्यांची घडी कपाटात एका जागी असावी, आणि ज्याची पाळी असेल त्याने त्यातले घालून जावं. धुण्याची बादलीही तीच ठरलेली. सासूबाई घरी आल्यावर टाके काढेपर्यंत त्यांना उठवण्या-बसवण्यासाठीही हेच कपडे उपयोगी पडतात, कारण त्या कामालाही मोकळी बाही, घट्ट पदर आणि रोज धुता येणारं कापडच लागतं.